ईएसपी32 बोर्डांची अख्खी बॅच खराब निघाली तर सप्लायरला पत्र कसं लिहायचं

सेकंड इयरच्या मुलांसाठी दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, म्हणून आम्ही वर्गणी काढून 40 ईएसपी32 बोर्ड घेतले, 390 रुपयाला एक, एकूण 15,600 रुपये. सप्लायर ठाण्यातला. त्याआधी आठवडाभर मी कोपरखैरणेवरून ट्रान्स हार्बरने जाऊन एक बोर्ड सॅम्पल म्हणून आणला होता, रूमवर तीन दिवस वायफायवर चालवला, एकदाही अडकला नाही, मग व्हॉट्सॲपवर लिहिलं "दादा, सॅम्पलसारखेच 40 पीस पाहिजेत" आणि समोरून आलं "ओके, होऊन जाईल". 8 जुलैला माल आला. कोड अपलोड होत होता, एलईडी लुकलुकत होता, पण वायफाय चालू केलं की बरेचसे बोर्ड आपोआप रीसेट व्हायचे.

मी लगेच मेसेज टाकला की बोर्ड चालत नाहीयेत, बदलून द्या. उत्तर आलं, ड्रायव्हर टाका, केबल बदला. तेव्हा राग आला होता, पण आता वाटतं की त्या मेसेजला दुसरं उत्तर येणंच शक्य नव्हतं, कारण अशा तक्रारींमध्ये बऱ्याचदा खरंच केबलच खराब असते आणि माझ्या मेसेजमध्ये तसं नाहीये हे सांगणारं काहीच नव्हतं. म्हणून पत्राचं खरं काम हेच, की केबल, ड्रायव्हर, लॅपटॉप, तुमचा कोड ही चारही उत्तरं सप्लायरने द्यायच्या आधीच पत्रात संपलेली असली पाहिजेत. त्यामुळे लिहिण्यापेक्षा जास्त वेळ टेस्टिंगला जातो आणि तो द्यायचाच.

सगळ्यात आधी: बोर्डांना हात लावू नका

म्हणजे सोल्डरिंग करू नका. नेटवर लगेच सापडतं की थ्री-व्ही-थ्री आणि ग्राउंडमध्ये मोठा कपॅसिटर लावा, किंवा व्होल्टेज कमी पडला की मेसेज देऊन बोर्ड रीसेट करणारा ब्राउनआउट डिटेक्टर कोडमध्ये बंदच करून टाका. कपॅसिटर लावलेला बोर्ड परत नेला की पहिलं वाक्य ऐकू येईल "तुम्ही यावर काम केलंय". आणि डिटेक्टर बंद केला तर दोष तसाच राहतो, फक्त मेसेज यायचा थांबतो, मग बोर्ड कधी नुसताच हँग होतो, कधी चुकीचं रीडिंग देतो आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. दुरुस्ती करून बघायचीच असेल तर एकाच बोर्डावर करा आणि पत्रात तसं स्पष्ट लिहा.

मग प्रत्येक बोर्डाच्या पिशवीवर आणि बोर्डाच्या मागे छोटा स्टिकर, 1 ते 40. त्याच नंबरसमोर बोर्डाचा मॅक ॲड्रेस वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवा, तो असा मिळतो (पोर्टचा नंबर तुमच्या लॅपटॉपवर जो दिसेल तो):

```
esptool.py --port COM5 read_mac
```

हे कंटाळवाणं काम आहे पण करा. बदलून आलेल्या मालात तुमचेच जुने बोर्ड स्टिकर काढून, नव्या पिशवीत घालून परत आले तर ते फक्त यावरूनच कळतं, कारण मॅक चिपमध्येच लिहिलेला असतो.

टेस्ट: सगळं सारखं, बदलतो फक्त बोर्ड

एक लॅपटॉप, त्याचा एकच पोर्ट, एक केबल, एक कोड. कोड जेवढा छोटा तेवढा बरा. तुमचा प्रोजेक्टचा कोड वापरू नका, त्यात सेन्सर, डिस्प्ले असलं काही असलं की संशय तिकडे वळतो. आम्ही हा वापरला, बोर्डाला काहीही न जोडता:

```
#include <WiFi.h>

void setup() {
  Serial.begin(115200);
  Serial.println("START");
  WiFi.mode(WIFI_STA);
}

void loop() {
  Serial.println(WiFi.scanNetworks());
  delay(2000);
}
```

हा दर थोड्या वेळाने आजूबाजूची वायफाय नेटवर्क शोधतो आणि किती सापडली ते छापतो. नेटवर्क शोधताना रेडिओ चालू होतो आणि बोर्डाला क्षणभर जास्त करंट लागतो, तो पुरवता येतो की नाही हेच तर बघायचंय. मधेच पुन्हा START आलं की बोर्ड रीसेट झाला. आमच्या खराब बोर्डांवर सिरियल मॉनिटरमध्ये असं यायचं:

```
Brownout detector was triggered
rst:0xc (SW_CPU_RESET),boot:0x13 (SPI_FAST_FLASH_BOOT)
```

पहिल्या ओळीचा अर्थ चिपला मिळणारा व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेला, ही मर्यादा साधारण 2.43 व्होल्ट असते. म्हणजे कोडची चूक नाही, पुरवठा कमी पडतोय. हा स्क्रीनशॉट पत्राला जोडायचा, त्यात तुमच्या शब्दांची गरजच पडत नाही.

प्रत्येक बोर्डाला 5 मिनिटं दिली, तरी 40 बोर्डांना साडेतीन तास लागले, दोघंजण होतो, एक बोर्ड बदलायचा, दुसरा लिहायचा. आणि दर दहा बोर्डांनंतर तोच सॅम्पलचा बोर्ड त्याच केबलला लावायचो, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण केबल किंवा पोर्ट मधेच बिघडला असता तर सॅम्पलही रीसेट झाला असता. सॅम्पल एकदाही झाला नाही. 40 पैकी 17 रीसेट झाले, त्यातले 11 पहिल्याच स्कॅनला. 23 पास झाले. मग त्या 23 मधले कोणतेही 6 घेऊन तासभर चालवले, तर त्यातलेही 2 रीसेट झाले. हे दोन आकडे वेगवेगळे ठेवा, 17 आणि 2 मिळवून 19 असं लिहू नका, कारण टेस्ट वेगळी होती आणि समोरच्याने विचारलं तर गडबड होते.

दोष बोर्डातच आहे हे कसं दाखवायचं

ब्राउनआउट केबलमुळेही येतो. बारीक तारेची केबल असेल तर तिच्यातच व्होल्टेज पडतो आणि बोर्ड बिचारा उपाशी राहतो. म्हणून दोन ठिकाणी एकाच वेळी मोजायचं, बोर्डाच्या व्हिन पिनवर म्हणजे रेग्युलेटरच्या आधी, आणि थ्री-व्ही-थ्री पिनवर म्हणजे रेग्युलेटरच्या नंतर. दोन्ही खाली गेले तर केबल किंवा पोर्ट बघा. व्हिन जागेवर आणि थ्री-व्ही-थ्री खाली, तर दोष बोर्डावर आहे.

इथे मल्टिमीटर फसवतो. मीटर सरासरी दाखवतो आणि ही बुडी इतक्या कमी वेळाची असते की मीटरवर 3.28 व्होल्ट अगदी निवांत दिसत राहतात. सप्लायरही दुकानात मीटर लावेल आणि म्हणेल बघा, थ्री पॉइंट थ्री येतोय की. म्हणून ऑसिलोस्कोप लागतो, कॉलेजच्या लॅबमध्ये असतोच. आमच्या लॅबमधल्या काकांनी ट्रिगर पडत्या बाजूवर 2.8 व्होल्टला लावून दिला, चॅनल एक व्हिनवर, चॅनल दोन थ्री-व्ही-थ्रीवर, आणि बोर्ड नंबर 7 लावला. स्क्रीनवर वरची रेघ 4.6 वरून जेमतेम 4.5 ला आली आणि खालची सरळ 2.3 पर्यंत घसरली. सॅम्पलला तर तो ट्रिगर लागलाच नाही, मग काकांनी पातळी वर घेतली, तेव्हा दिसलं की त्याची खालची रेघ 3.1 च्या खाली येतच नव्हती. दोन्हीचे फोटो काढले, फोटोत स्टिकरचा नंबरही दिसेल असे.

स्कोप नसेल तर निदान दोन वेगवेगळ्या जाड केबल आणि एक चांगला 5 व्होल्टचा ॲडॅप्टर वापरून तेच बोर्ड तसेच रीसेट होतायत हे दाखवा. पुरावा थोडा कमजोर होतो पण "केबल बदला" हे उत्तर तरी जातं.

आता कारण. सॅम्पल आणि नंबर 7 शेजारी ठेवून मोबाईलचा टॉर्च तिरका धरला आणि कॅमेरा झूम केला. सॅम्पलवर यूएसबीजवळ तीन पायांचा आणि मागे रुंद पत्री असलेला मोठा रेग्युलेटर होता, त्यावर एएमएस1117 छापलेलं. नंबर 7 वर त्याच जागी तांदळाच्या दाण्याएवढा तीन पायांचा पार्ट, त्यावर फक्त 662 आणि पुढे इंग्रजी के. सगळे 40 तपासले, सगळ्यांवर तोच. हा कोड सहसा एक्ससी6206 या जातीच्या रेग्युलेटरवर असतो आणि त्याची मर्यादा 200 मिलीअँपिअरच्या आसपास आहे. ईएसपी32 बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी तर पुरवठा 500 मिलीअँपिअर किंवा जास्तीचा ठेवा असं सांगते. मग 23 बोर्ड पास कसे झाले? कारण थोडक्यासाठी निभावतं, कुठल्या बोर्डावर कपॅसिटर जरा बरा असतो, कुठली चिप थोडा कमी करंट ओढते. पण पार्ट तोच असल्यामुळे ते कधी दगा देतील सांगता येत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, रेग्युलेटर लहान दिसतो म्हणून तो वाईट असं नसतं. पाच पायांचे काही छोटे रेग्युलेटर 500 मिलीअँपिअर आरामात देतात. म्हणून पत्रात "हलका पार्ट लावलाय" असं लिहू नका, फक्त काय छापलंय, सॅम्पलवर काय होतं आणि स्कोपवर काय दिसलं एवढंच लिहा. निष्कर्ष तो स्वतः काढेल. शिवाय सप्लायर बोर्ड बनवत नाही, तोही कुठून तरी आणतो, आणि तुमचे फोटो त्याला त्याच्या वरच्या माणसाकडे पाठवायला उपयोगी पडतात. माझ्या मते पत्राचा सूर ठरवताना हे धरून चालावं, त्याला चोर ठरवलं की तो तुमच्याशी भांडेल, फोटो दिले की तो पुढे भांडेल.

किती मागायचं

इथे आमच्यात दोन मतं होती. काहींचं म्हणणं 17 च बदलून मागू, लवकर मिळतील. मला ते पटलं नाही, कारण दोष 17 बोर्डांचा नाहीये, बॅचचा आहे, 40 ही बोर्डांवर सॅम्पलपेक्षा वेगळा पार्ट आहे. आणि कायदाही इथे आपल्या बाजूने आहे. वस्तू विक्री कायदा 1930, कलम 17: सॅम्पलवरून सौदा झाला असेल तर पूर्ण माल गुणवत्तेत सॅम्पलशी जुळला पाहिजे. म्हणून व्हॉट्सॲपवरचं ते "सॅम्पलसारखेच" हे वाक्य एवढं कामाचं ठरलं. ऑर्डर देताना असं एक वाक्य लिहून ठेवाच, फोनवर बोललं असेल तरी नंतर मेसेज करा.

त्याच कायद्यात कलम 42 आहे, वाजवी वेळ उलटून गेला आणि तुम्ही नाकारतोय असं कळवलंच नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून टेस्टिंग दोन-चार दिवसांत उरका आणि पत्र आठवड्याच्या आत जाऊ द्या. परीक्षा झाल्यावर बघू असं करू नका.

मागणी एकच ठेवा, आणि ती जमत नसेल तर दुसरी एक. तारीख घाला. तारखेचं कारणही सांगा, ते खरं असेल तर.

आमचं पत्र

बिल ज्याच्या नावावर आहे त्यानेच सही करायची. बिल माझ्या नावावर होतं. तुमचं बिल डिपार्टमेंटच्या नावावर असेल तर पत्र एचओडींच्या सहीने जाऊ द्या, नाहीतर "तुम्ही कोण" इथूनच सुरुवात होते. नंबर आणि नावं काढून पत्र जसंच्या तसं देतोय:

> दिनांक 14 जुलै
>
> विषय: बिल क्र. ____, दि. 8 जुलै, 40 ईएसपी32 डेव्हलपमेंट बोर्ड सॅम्पलशी जुळत नसल्याने बदलून मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी आपल्याकडून दि. 1 जुलै रोजी एक ईएसपी32 बोर्ड सॅम्पल म्हणून घेतला. तो समाधानकारक चालल्यामुळे दि. 4 जुलै रोजी व्हॉट्सॲपवर "सॅम्पलसारखेच 40 पीस" अशी ऑर्डर दिली व आपण ती मान्य केली. दि. 8 जुलै रोजी 40 बोर्ड मिळाले. बिलाची पूर्ण रक्कम 15,600 रुपये दिलेली आहे.
>
> आम्ही दि. 10 व 11 जुलै रोजी सर्व बोर्ड एकाच लॅपटॉपवर, एकाच केबलने व एकाच प्रोग्रॅमने प्रत्येकी 5 मिनिटे तपासले. बोर्डांना इतर काहीही जोडलेले नव्हते. 40 पैकी 17 बोर्ड वायफाय चालू होताच किंवा 5 मिनिटांच्या आत रीसेट झाले. उरलेल्यांपैकी 6 बोर्ड एक तास चालवले असता 2 रीसेट झाले. आपला सॅम्पल बोर्ड त्याच केबलवर मधून मधून लावून पाहिला, तो एकदाही रीसेट झाला नाही.
>
> ऑसिलोस्कोपवर बोर्ड क्र. 7 चा व्हिन 4.5 व्होल्टच्या खाली गेला नाही, परंतु 3.3 व्होल्टचा पुरवठा 2.3 व्होल्टपर्यंत खाली आला. सॅम्पल बोर्डावर तो 3.1 व्होल्टच्या वर राहिला. त्यामुळे केबल किंवा लॅपटॉपचा दोष दिसत नाही. सॅम्पलवरील रेग्युलेटरवर एएमएस1117 छापलेले आहे, मिळालेल्या सर्व 40 बोर्डांवर त्या जागी 662के छापलेला वेगळा पार्ट आहे.
>
> म्हणून सर्व 40 बोर्ड आम्ही स्वीकारू शकत नाही. ते सॅम्पलप्रमाणे दि. 24 जुलैपर्यंत बदलून द्यावेत, ही विनंती. आमचे वर्कशॉप 2 ऑगस्टला आहे. तसे शक्य नसल्यास 15,600 रुपये परत करावेत. कोणत्याही बोर्डावर सोल्डरिंग किंवा बदल केलेला नाही. सर्व बोर्ड मूळ पिशव्यांत क्रमांक लावून ठेवले आहेत, आपण येऊन तपासू शकता किंवा आम्ही दुकानात दाखवू. नेण्या-आणण्याचा खर्च आपण करावा.
>
> सोबत: बिलाची प्रत, व्हॉट्सॲप संभाषण, 40 बोर्डांचा तक्ता, स्क्रीनशॉट, ऑसिलोस्कोपचे दोन व रेग्युलेटरचे दोन फोटो.
>
> आपला,
> (सही, नाव, मोबाईल)

यात "फसवणूक", "ग्राहक न्यायालय" असले शब्द कुठेच नाहीत, ते मुद्दाम. पहिल्या पत्रात धमकी दिली की समोरचा माणूस बोर्ड बघायचं सोडून स्वतःचा बचाव बघतो. आणि "नाकारतोय" हे मात्र स्पष्ट हवं, नुसतं "समस्या येत आहे" असं लिहिलं तर ती तक्रार राहते, नकार होत नाही.

पाठवायचं कसं

ईमेलवर पीडीएफ, व्हॉट्सॲपवर तीच पीडीएफ, आणि एक प्रिंट हातात घेऊन जा. दुसऱ्या प्रिंटवर "मिळाले", तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्या. शिक्का नाही दिला तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. बोर्ड मात्र पहिल्या फेरीत सगळे नेऊ नका, चार न्या, त्यातला एक पहिल्याच स्कॅनला पडणारा आणि सोबत सॅम्पल, केबल, लॅपटॉप. मी काउंटरवरच दोन्ही बोर्ड लावून दाखवले. दादांनी आपली स्वतःची केबल काढून दिली, त्या केबलवरही नंबर 7 पडला आणि सॅम्पल चालला, मग त्यांनी आत जाऊन त्यांच्या स्टॉकमधलाच एक बोर्ड आणला, त्यावरही 662के. तिथून पुढे बोलणं केबलवर गेलंच नाही.

सगळ्यांच्या नशिबी असं होईल असं नाही. तारीख उलटली आणि उत्तर नाही, तर दुसरं पत्र तीन ओळींचं लिहा: पहिल्या पत्राची तारीख, उत्तर आलं नाही, सात दिवसांत न झाल्यास ग्राहक म्हणून तक्रार करणार. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ऑनलाइन साइटवरून घेतलं असेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो, म्हणून तिथे त्या अधिकाऱ्याच्याच पत्त्यावर लिहा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आता तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडेही जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. फक्त बोर्ड नफ्यावर विकायला घेतले असतील तर ग्राहक म्हणून हा रस्ता बंद होतो.

बदललेला माल घेताना

काउंटरवरच पिशव्या उघडा. आधी रेग्युलेटर बघा, 40 बोर्ड टॉर्चखाली बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मग कोणतेही पाच लॅपटॉपला लावून मॅक वाचा आणि जुन्या तक्त्याशी ताडून बघा. आम्हाला 22 जुलैला 40 मिळाले, त्यातल्या 38 वर एएमएस1117 होता आणि 2 वर पुन्हा तोच छोटा पार्ट, ते तिथेच बाजूला काढले. पोचपावतीवर मी "38 बोर्ड मिळाले, 2 बाकी" असं लिहून सही केली आणि जुने 40 परत दिल्याची ओळ त्याच कागदावर त्यांच्याकडून लिहून घेतली. बाकीचे 2 बोर्ड 28 तारखेला आले.